चार मिनिटांचं कोटेशन

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘आपला व्यवसाय, आपला अनुभव’ या सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हा दोघांना इथे बोलायला बोलावलं त्याबद्दल मंडळाचे आभार. आपल्यापैकी बरेच जण आम्हाला घरांची कामं करणारे म्हणून ओळखतात. जुन्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं करायचं, बाथरूम फोडून परत बांधायचं, कपाटं करायची, अशी कामं आम्ही नवरा-बायको मिळून करतो. एकजण नकाशा काढतो आणि एकजण एस्टिमेट लिहितो. कोण काय करतं ते सांगत नाही, कारण चूक झाली की ती दोघांची असते, असं आमच्यात ठरलेलं आहे.

आज आम्ही घरांबद्दल बोलणार नाही. क्लायंटला आपलं काम आणि आपला भाव समजावून सांगायचा कसा, याबद्दल बोलणार आहोत. गेली काही वर्षं आम्ही यासाठी एक साधी गोष्ट करतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नकाशा आणि एस्टिमेट उघडतो, स्क्रीन रेकॉर्ड करायला लावतो आणि माउस फिरवत, बोलत, चार मिनिटांत सगळं समजावतो. तो व्हिडिओ कोटेशनबरोबर पाठवतो. एवढंच. पण हे आम्ही कशामुळे सुरू केलं आणि त्यात कुठे कुठे ठेच लागली, ते सांगण्यासारखं आहे.

सुरुवात एका हातून गेलेल्या कामानं झाली. रावपुऱ्यातलं पहिल्या मजल्यावरचं घर. घरात काका एकटे, मुलगा बेंगळुरूला नोकरीत. बाथरूममधून खालच्या भाडेकरूच्या छताला ओल येत होती. आम्ही दोनदा जाऊन बघितलं. भिंतीतले पाइप जुने लोखंडी, आतून गंजलेले. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग संपलेलं. आम्ही काकांसमोर बसून तासभर सगळं सांगितलं. काकांना अगदी पटलं. चहा झाला. ‘कोटेशन पाठवा, मुलाला दाखवतो आणि कळवतो,’ म्हणाले.

आम्ही नऊ पानांचं कोटेशन पाठवलं. काकांनी ते व्हॉट्सअॅपवर मुलाला पुढे पाठवलं. मुलाच्या हातात दुसऱ्या एका कंत्राटदाराचं एक पानी कोटेशन आधीच होतं आणि ते आमच्यापेक्षा 95,000 रुपयांनी कमी होतं. मुलानं दोन्हींच्या शेवटच्या ओळी बघितल्या आणि जे कुणीही केलं असतं तेच केलं. काम तिकडे गेलं.

त्या 95,000 मध्ये काय होतं ते आम्हाला नंतर काकांनीच कागद दाखवला तेव्हा कळलं. आमच्या कोटेशनात वॉटरप्रूफिंगचे 38,000, पाइप बदलण्याचे 42,000 आणि फोडलेला मलबा उचलून नेण्याचे 15,000 धरले होते. समोरच्या कागदावर या तीन गोष्टी नव्हत्याच. जुन्या टाइलवर नवी टाइल, एवढंच काम होतं ते. खोटं काही नव्हतं त्यात, फक्त कामच वेगळं होतं. पुढच्या पावसाळ्यात खालच्या छताला पुन्हा डाग आला. काका आम्हाला म्हणाले, ‘मला तुमचं सगळं समजलं होतं हो. पण त्याला फोनवर सांगताना मला ते जमलं नाही.’

मंडळी, हे वाक्य आम्हाला फार लागलं. कारण चूक काकांची नव्हती, मुलाचीही नव्हती. ज्यांच्यासमोर आम्ही बोललो ते निर्णय घेणारे नव्हते आणि ज्यानं निर्णय घेतला त्याच्यापर्यंत आमचा आवाज पोचलाच नाही. पोचली ती फक्त शेवटची रक्कम. आपल्या घरांमधून आता असंच असतं. आई-वडील इथे, एक मूल पुण्याला, एक परदेशात, आणि पैसे बहुधा तिकडून येणार. खोलीत नसलेल्या माणसाला समजावणं हे काम आपण सत्तरीच्या काकांवर टाकतो.

आता एक काम पुरतं सांगतो, म्हणजे व्हिडिओत नेमकं काय असतं ते कळेल.

दांडिया बाजारात एक आजी राहतात. तळमजला, जुनं बांधकाम. स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्ही करायचं होतं. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. तिघांना एका वेळी फोनवर आणायचं म्हणजे आजींना रात्री जागायला लावायचं. शिवाय अशा बोलण्यात पहिली पंधरा मिनिटं ‘आवाज येतोय का’ यातच जातात. म्हणून आम्ही ठरवलं की व्हिडिओ करू आणि ज्यानं त्यानं आपापल्या वेळी बघावा.

कोटेशनमध्ये 43 ओळी होत्या. पहिल्या खेपेला आम्ही त्या सगळ्या वाचून दाखवल्या. व्हिडिओ झाला 17 मिनिटांचा. आम्हीच तो परत बघायला बसलो आणि सहाव्या मिनिटाला एकानं फोन हातात घेतला, दुसरा चहा ठेवायला उठला. करणाऱ्यालाच बघवत नाही, तर न्यू जर्सीत नोकरीवरून दमून आलेली मुलगी काय बघणार? तो व्हिडिओ पुसून टाकला आणि कागद घेऊन बसलो. निर्णय घ्यायला या माणसाला नेमकं काय कळायला हवं, तेवढंच लिहायचं. त्यातून जी मांडणी झाली ती आजही आम्ही तशीच ठेवली आहे.

पहिली वीस सेकंदं. हे कुणाच्या घराचं काम आहे, कोटेशनची तारीख काय, आणि व्हिडिओ बघून तुम्हाला काय ठरवायचं आहे. आम्ही म्हणालो, ‘आईंच्या घरच्या कामाचं हे कोटेशन आहे. एकूण 6,20,000 रुपये, टॅक्स वेगळा. तुम्हाला दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत. पाइप सगळे बदलायचे की फक्त बाथरूमचे, आणि ओट्याला कुठला दगड घ्यायचा.’ रक्कम आम्ही सुरुवातीलाच सांगतो. पूर्वी शेवटी सांगायचो. पण मग बघणारा माणूस पुढे सरकवत सरकवत आधी रक्कमच शोधतो आणि मधलं सगळं सुटतं. रक्कम एकदा कानावर पडली की ‘एवढे का?’ हा प्रश्न मनात येतो आणि पुढचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकलं जातं.

त्यानंतर साधारण एक मिनिट आजच्या घराची स्थिती. इथे नकाशा नाही, फक्त चार फोटो. ओल आलेली भिंत. कापून बघितलेल्या पाइपचं तोंड, ज्यात गंजामुळे बोट जाईल एवढीही जागा उरलेली नव्हती. बाथरूमचा उंबरा, ज्यावर आजी एकदा अडखळल्या होत्या. आणि ओटा, जो त्यांना खांद्यातून वाकून वापरावा लागतो. मुलीनं नंतर सांगितलं की पाइपचा फोटो बघितल्यावर तिनं पुढे थांबवून थांबवून सगळं बघितलं. ती दर दोन वर्षांनी घरी येत होती, पण भिंतीच्या आत काय आहे ते तिला कुठून दिसणार?

मग एक मिनिट नकाशा. जुना आणि नवा शेजारी ठेवून फक्त बदल दाखवायचा. बाथरूमचा उंबरा काढून फरशीला उतार दिला आहे, इथे धरायला दांडी आहे, दार बाहेर उघडतं म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडत नाही. ओटा आजींच्या उंचीप्रमाणे खाली घेतला आहे. बस्स. भिंतीची मापं, टाइलचे नंबर, हे कागदावर असतं. ते बोलून दाखवलं की ऐकणारा हरवतो.

मग एक मिनिट पैसे. 43 ओळी बाजूला ठेवल्या आणि एका पानावर चारच मोठ्या ओळी केल्या. बाथरूमचं फोडकाम, वॉटरप्रूफिंग आणि टाइल 1,85,000. पाइप आणि वायरिंग 1,15,000. स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटं 2,70,000. आमची फी आणि देखरेख 50,000. प्रत्येक ओळीवर माउस ठेवून एकच वाक्य बोललो, की हे केलं नाही तर काय होईल. वॉटरप्रूफिंगबद्दल सांगितलं की ते झाल्यावर बाथरूममध्ये पाणी भरून 48 तास ठेवणार, खाली किंवा भिंतीला ओल आली नाही तरच टाइल बसवणार, आणि त्या पाण्याचा फोटो तारखेसह तुम्हाला येणार. कागदावर हे ‘वॉटरप्रूफिंग ट्रीटमेंट, पॉन्डिंग टेस्टसह’ एवढंच असतं. वाचून कुणाला काय कळणार?

शेवटची अर्धी मिनिट सर्वांत महत्त्वाची. या रकमेत काय नाही ते स्वच्छ सांगायचं. नळ आणि चिमणी तुम्ही घ्यायची. भिंत फोडल्यावर आत वेगळंच काही निघालं तर त्याचा खर्च वेगळा, पण तुम्हाला फोटो पाठवून, विचारल्याशिवाय करणार नाही. काम चालू असताना वीस दिवस स्वयंपाकघर बंद, तेव्हा आजींची सोय करावी लागेल. आणि मग पुन्हा तेच दोन प्रश्न, आणि उत्तर कुठल्या तारखेपर्यंत हवं ते.

एकूण चार मिनिटं आणि दहा सेकंदं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. मुलाचा पहिला प्रश्न भाव कमी करण्याचा नव्हता. ‘त्या वीस दिवसांत आईला मी इकडे घेऊन येऊ का?’ असा होता. तेव्हा आम्हाला कळलं की आमचं म्हणणं पोचलं.

एक गंमत अशी की त्याच्याकडेही कमी भावाचं दुसरं कोटेशन होतं. पण त्यानं स्वतःच तिकडे फोन करून विचारलं, ‘यात पाइप धरले आहेत का? पाणी भरून बघणार का?’ रावपुऱ्याच्या काकांच्या मुलाला जे प्रश्न सुचले नाहीत, ते याला सुचले, कारण त्याला ते दाखवले होते. भाव आम्ही एक रुपयानंही कमी केला नव्हता.

आता रेकॉर्ड करायचं कसं, ते सांगतो. यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही. विंडोज 11 मध्ये Snipping Tool असतं, त्यात स्क्रीनचा चौकोन निवडून रेकॉर्ड करता येतं. Win + Alt + R दाबूनही रेकॉर्डिंग सुरू होतं, पण त्यात एक खोच आहे. ते एकाच प्रोग्रामची खिडकी टिपतं. तुम्ही नकाशावर सुरू केलंत आणि मधेच एक्सेलवर गेलात, तर एक्सेल व्हिडिओत येतच नाही. आमचा एक अख्खा व्हिडिओ असा झाला होता, पैशांबद्दल आम्ही बोलतोय आणि स्क्रीनवर बाथरूमच. म्हणून आम्ही फोटो, नकाशे आणि चार ओळींचं पान या सगळ्यांची एकच पीडीएफ करतो आणि फक्त पान उलटत जातो. मॅकवर Shift + Command + 5 दाबायचं, पण Options मध्ये जाऊन मायक्रोफोन निवडायचा, नाहीतर मुका व्हिडिओ तयार होतो. आयफोनवर स्क्रीन रेकॉर्डिंगचं बटण जरा वेळ दाबून धरलं की मायक्रोफोन चालू करायची खूण दिसते. म्हणून कुठल्याही यंत्रावर आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ऐकायचं आणि मगच खरं सुरू करायचं.

आवाजाचं महत्त्व चित्रापेक्षा जास्त. पंखा बंद, खिडकी बंद. पूर्वी फोनबरोबर मिळायचे तसे वायरचे साधे इअरफोन लावले तरी लॅपटॉपपेक्षा आवाज चांगला येतो, कारण माइक तोंडाजवळ असतो.

चित्राबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. आपण करतो मोठ्या स्क्रीनवर आणि समोरचा बघतो फोनवर. आमच्या लॅपटॉपची स्क्रीन साडेतेरा इंच रुंद आहे. फोन उभा धरला तर त्यावर आडवा व्हिडिओ जेमतेम पावणेतीन इंच रुंद दिसतो. म्हणजे प्रत्येक अक्षर पाचपट लहान होतं. लॅपटॉपवर वाचता येतंय म्हणून आपण खूश असतो आणि तिकडे मुंग्या दिसतात. त्यात व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक आकडे विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा तसाच राहतो, पण आजींसारख्यांना तो डाउनलोड करून उघडणं अवघड जातं. म्हणून आम्ही उलटा मार्ग धरला. अक्षरंच एवढी मोठी ठेवायची की दाबलं तरी वाचता येतील. एका पानावर चार ओळींपेक्षा जास्त नाही, आणि नकाशाचा जो भाग बोलतोय तेवढाच मोठा करून दाखवायचा.

पाठवण्यापूर्वी आम्ही दोन परीक्षा घेतो. पहिली, व्हिडिओ स्वतःच्या फोनवर, फोन उभा धरून, आवाज बंद करून बघायचा. आकडे वाचता आले पाहिजेत. दुसरी, फोन पालथा ठेवून फक्त ऐकायचं. ‘हे इथे येईल आणि ते तिकडे जाईल’ असं आपण किती वेळा बोलतो ते तेव्हा कळतं. ‘हे इथे’ च्या ऐवजी ‘दाराच्या डाव्या हाताला’ असं म्हणायला शिकायला आम्हाला सहा महिने लागले.

लिंक पाठवत असाल तर आणखी एक. ड्राइव्हवर टाकलेला व्हिडिओ सगळ्यांना उघडेल अशी परवानगी दिली आहे का, ते बघा. नाहीतर समोरच्याला परवानगी मागायचा कागद दिसतो आणि तो कंटाळून सोडून देतो. आपल्याला वाटतं, उत्तर नाही म्हणजे काम नको आहे. आपली लिंक नेहमी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघायची. आमच्याकडे हे काम मुलीच्या फोनवर होतं.

आता आमची सर्वांत महाग चूक.

एका स्वयंपाकघराच्या व्हिडिओत बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणालो, ‘ओट्यावर छान क्वार्ट्झ बसेल.’ कोटेशनवर लिहिलं होतं ग्रॅनाइट. क्वार्ट्झ त्याहून बराच महाग. क्लायंटनं कागद वाचला नाही, व्हिडिओ बघितला आणि होकार दिला. ग्रॅनाइटचा दगड घरात आला तेव्हा ताई म्हणाल्या, ‘तुम्ही तर क्वार्ट्झ म्हणाला होतात,’ आणि व्हिडिओ लावून दाखवला. आमचाच आवाज. काय बोलणार? कागदावर सही होती, कायद्यानं आम्ही सुटलो असतो कदाचित. पण आपण सगळे याच गावात राहतो, याच मंडळात भेटतो. फरक आम्ही भरला. नफा त्यातच गेला.

तेव्हापासून काही नियम केले. समोर लिहिलेलं पान ठेवूनच बोलायचं, आठवणीतून नाही. सामानाचं नाव आणि रक्कम वाचूनच म्हणायची. पहिल्या वीस सेकंदांत एक वाक्य ठरलेलं, ‘या व्हिडिओत आणि कोटेशनात काही फरक दिसला तर कोटेशन खरं धरा आणि आम्हाला सांगा.’ कोटेशनवर आणि व्हिडिओच्या नावात तीच तारीख आणि तोच क्रमांक. कोटेशन बदललं की जुना व्हिडिओ काढून टाकायचा आणि नवा करायचा. जुन्याला ठिगळ लावायचं नाही. लहान व्हिडिओचा हाही एक फायदा आहे, चार मिनिटांचं परत करायला जीवावर येत नाही, सतरा मिनिटांचं येतं.

आणि होकार नेहमी लेखी. ‘व्हिडिओ बघितला, छान आहे’ हा होकार नाही. ‘कोटेशन क्रमांक अमुक, पाइप सगळे बदलायचे, दगड अमुक’ एवढं लिहून आलं की मगच सामान मागवतो.

दुसरी एक चूक लहान, पण लाजवणारी. रेकॉर्डिंग चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात दुसऱ्या क्लायंटचा मेसेज वर आला, ‘पैसे उद्या देतो’ असा, नावासकट. तो तसाच व्हिडिओत गेला. आता रेकॉर्डिंगच्या आधी सगळी नोटिफिकेशनं बंद, ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद, आणि फाइलींचं फोल्डर उघडून दाखवायचं नाही, कारण त्यात इतरांची नावं असतात. शिवाय व्हिडिओ पुढे पाठवला जाणारच, हे धरून चाला. तो दुसऱ्या कंत्राटदाराकडेही जातो. म्हणून आमचे दर कुठून येतात, कुणाकडून सामान घेतो, हे त्यात नसतं.

हे सगळं सांगितलं, आता कधी करत नाही तेही सांगतो. पहिली भेट व्हिडिओवर नाही. ती घरी जाऊन, चप्पल बाहेर काढून, पाणी पिऊन. मोठ्या माणसांशी आधी न बोलता त्यांच्या मुलांना परस्पर व्हिडिओ पाठवला, तर त्यांना वाटतं की आपल्याला बाजूला ठेवलं. आणि ते खरंच असतं. एका घरी आम्ही हे केलं आहे आणि आजोबा आमच्याशी चार दिवस बोलले नाहीत. आता व्हिडिओ आधी घरातल्या मोठ्यांना, त्यांच्याच फोनवर जातो, आणि पुढे तेच पाठवतात. आजी मुलीला म्हणाल्या होत्या, ‘मी पाठवलाय तो बघ आणि मला सांग.’ निर्णय घरातून निघाला पाहिजे.

वाईट बातमीही व्हिडिओवर देत नाही. काम लांबलं, खर्च वाढला, आमच्या हातून काही बिघडलं, तर फोन करायचा किंवा जायचं. तिथे समोरच्याला बोलायचं असतं आणि व्हिडिओ ऐकून घेत नाही. भावाची घासाघीसही तशीच. व्हिडिओ समजावू शकतो, बोलणी करू शकत नाही. पाठवल्यावर दोन दिवसांत फोन करायचाच. ‘बघितला का?’ असं नाही विचारायचं, त्यानं माणूस ओशाळतो. ‘पाइपबद्दल काय वाटतं?’ असं विचारायचं. उत्तरावरून लगेच कळतं की बघितला की नाही.

मंडळी, इथे कुणी केटरिंग करतात, कुणी हिशेब लिहितात, कुणी दागिने घडवतात. आमच्या धंद्यातली मापं तुमच्या कामाची नाहीत. पण तुमच्याकडेही एखादी अशी ओळ असेलच, जी कागदावर महाग दिसते आणि दाखवली की पटते. तीच एक ओळ घेऊन घरी गेल्यावर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून बघा आणि फोन पालथा ठेवून ऐका.

रावपुऱ्याच्या काकांचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला परत बोलावलं. सगळं पुन्हा फोडून करायचं होतं. आम्ही व्हिडिओ करून त्यांच्या फोनवर पाठवला. दुसऱ्या दिवशी गेलो तर काका म्हणाले, ‘मुलानं रात्री फोन केला होता. या वेळी मला काही समजवावं लागलं नाही. तोच मला समजावत होता.’